फसफस येते कुठून? विज्ञान दिनाच्या चार मिनिटांच्या भाषणामागचं रसायन

माझी भाची ऐरोलीला राहते, सातवीत आहे. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेत तिला चार मिनिटांचं भाषण करायचं होतं आणि विषय तिने स्वतःच निवडला होता: खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की तो का फसफसतो? मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आधीच्या रविवारी ती वही घेऊन आमच्याकडे आली. वहीत एकच वाक्य होतं. "सोडा आणि लिंबू यांची रासायनिक अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो."

वाक्यात चूक काहीच नव्हती, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण वही माझ्याकडे सरकवताना तिनेच विचारलं, "मावशी, अभिक्रिया होऊन म्हणजे नक्की काय होऊन?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळं रसायन त्या "होऊन" मध्येच दडलंय. चार मिनिटांत तेवढा एक शब्द उलगडायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. भाषणाचे तुकडे तिने लिहिले, आणि एकेक तुकडा लिहिण्याआधी आम्ही तो ओट्यावर करून बघितला. इथे तिचे तुकडे जसेच्या तसे देते आणि प्रत्येकामागे काय आहे ते सांगते.

सुरुवात लिंबाने करायचीच नाही, असं मी सुचवलं. वाण्याकडून लिंबूसत्व आणलं. बारीक साखरेसारखे पांढरे, चमकदार दाणे असतात ते, आणि ते म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबाला आंबट करणारा पदार्थ. नाव लिंबूसत्व असलं तरी हल्ली ते लिंबापासून काढत नाहीत, बहुतेक साखरेच्या मळीवर एक बुरशी वाढवून बनवतात; पण पदार्थ तोच. एका कोरड्या बशीत चमचाभर लिंबूसत्व आणि चमचाभर खाण्याचा सोडा घेऊन तिला कोरड्या चमच्याने कालवायला सांगितलं. ती कालवत राहिली. काहीच झालं नाही. "आता फसफसेल" म्हणून तिने बशीला कान लावला, तरी काही नाही. मग मी बोट बुडवून पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. थेंब पडला तिथेच, तेवढ्याच जागी, चुर्र करून फेस आला आणि बाकीची बशी तशीच कोरडी, गप्प पडून राहिली.

तिचा पहिला तुकडा यावरून झाला:

"या बशीत लिंबातलं आम्ल आहे आणि खाण्याचा सोडासुद्धा आहे. दोघं एकमेकांना चिकटून बसले आहेत, तरी भांडत नाहीत. मी पाण्याचा एक थेंब टाकते. बघा, जिथे थेंब पडला तिथेच फेस आला. म्हणजे फसफशीसाठी फक्त आम्ल आणि सोडा असून भागत नाही. त्यांना हालचाल करायला पाणी लागतं."

"हालचाल करायला" हे शब्द तिचे आहेत आणि ते अगदी नेमके आहेत. सोड्याच्या कणात सोडिअम आणि बायकार्बोनेट हे दोन विद्युतभारित घटक, म्हणजे आयन, एकाआड एक घट्ट रचून बसलेले असतात. लिंबूसत्वाच्या स्फटिकातले रेणूही जागच्या जागी जखडलेले असतात. दाण्याला दाणा घासला तरी आतल्यांना बाहेर यायला वाट नसते. पाणी आलं की सोडा विरघळतो, त्याचे आयन सुटे होतात. आम्लही विरघळतं आणि त्यातला हायड्रोजन आयन सोडून निघू शकतो, कारण त्याला धरायला आता पाण्याचे रेणू हजर असतात. पोट साफ करायच्या किंवा ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या चूर्णाची पुडी महिनोन्‌महिने शांत राहते आणि पाण्यात टाकली की उसळते ती याच कारणाने. पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडी नंतर नीट फसफसत नाही, कारण दमट हवेतल्या पाण्याने तिचं काम आधीच थोडं थोडं उरकलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. आम्ल म्हणजे काय, हे मुलांना "जे आंबट असतं ते" असं सांगून सोडून दिलं जातं. लहान वर्गाला ते चालतं, पण त्यावरून फसफस समजत नाही. फसफस समजायला एवढंच धरायचं: आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारा, आणि आम्लारी म्हणजे तो घेणारा. सायट्रिक आम्लाच्या एका रेणूकडे देण्यासारखे तीन हायड्रोजन असतात. सोड्यातल्या बायकार्बोनेटमध्ये एक घेण्याची जागा असते. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, आम्ल-आम्लारी अभिक्रिया झाली. ती तेवढीच असते.

"पण यात वायू कुठे आला?" भाचीने विचारलं. त्यासाठी आम्ही स्वयंपाकघरातली कडधान्यं काढली. काळा हरभरा म्हणजे कार्बन, वाटाणा म्हणजे ऑक्सिजन, साबुदाणा म्हणजे हायड्रोजन. ताटात बायकार्बोनेट मांडलं: एक हरभरा, त्याच्याभोवती तीन वाटाणे, आणि एका वाटाण्याला चिकटून एक साबुदाणा. मग लिंबाकडून आलेला दुसरा साबुदाणा तिने दुसऱ्या वाटाण्याला लावला. झालं कार्बोनिक आम्ल. हे आम्ल पाण्यात टिकत नाही, सेकंदाच्या लहानशा अंशातच मोडतं. मी तिला म्हटलं, "आता यातून पाणी बाजूला काढ." पाणी म्हणजे दोन साबुदाणे आणि एक वाटाणा. तिने ते तीन दाणे बोटाने सरकवले आणि उरलेल्याकडे बघून ओरडलीच, "एक हरभरा, दोन वाटाणे! कार्बन डायऑक्साइड!"

मी इतकी वर्षं फळ्यावर हे समीकरण लिहिते आहे:

H⁺ + HCO₃⁻ → H₂CO₃ → H₂O + CO₂

पण ताटातल्या दाण्यांसारखं ते कधीच इतक्या पटकन उतरलं नव्हतं. यात एक गोष्ट उघड दिसते. वायूतला कार्बन लिंबाचा नाही, सोड्याचा आहे. बहुतेक मुलांना, आणि मोठ्यांनाही, वाटतं की लिंबातून काहीतरी बाहेर येतं. लिंबाने फक्त एक हायड्रोजन दिला. वायू सोड्यातच बांधलेला होता. स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक या डॉक्टरने 1750 च्या दशकात खडू आणि तशा पदार्थांवर आम्ल घालून, आधीचं आणि नंतरचं वजन करून दाखवलं होतं की घन पदार्थात एक हवा अडकून बसलेली असते. त्याने तिला नावच "बांधलेली हवा" अशा अर्थाचं दिलं होतं. कार्बन डायऑक्साइडचं ते जुनं नाव मला आजही सगळ्यात बोलकं वाटतं, आणि भाचीने ते लगेच उचललं.

तिचा दुसरा तुकडा:

"लिंबू देणारं आहे आणि सोडा घेणारा आहे. लिंबू देतं हायड्रोजन. सोड्याने तो घेतला की एक नवीन आम्ल बनतं, पण ते क्षणभरच टिकतं. त्याचे दोन भाग होतात, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड. पाणी पाण्यात मिसळतं, ते आपल्याला दिसत नाही. वायू वर येतो, तो आपल्याला दिसतो. ही हवा लिंबातली नाही. ती सोड्यात बांधलेली होती. लिंबाने फक्त गाठ सोडली."

इथे मला थांबून एक खबरदारी घ्यावीशी वाटली. या तुकड्यानंतर ऐकणाऱ्या मुलांना वाटू शकतं की आम्ल आणि आम्लारी भेटले की फेस येणारच. तसं नाही. फसफस ही बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांची ओळख आहे. आम्ल-आम्लारी अभिक्रिया बऱ्याचदा निःशब्द होते. हे दाखवायला आम्ही चुन्याची निवळी केली. चमचाभर खायचा चुना ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं. चुन्याचं काम मी केलं, कारण चुना डोळ्यात गेला तर फार इजा होते, आणि मुलांनी तो हाताळू नये असं माझं ठाम मत आहे.

फेस आला नाही तरी देवाणघेवाण झाली हे दिसावं म्हणून आता निवळीत आणि सोड्याच्या पाण्यात, दोन्हीकडे रंग हवा होता. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे. त्याची दहाएक निळी फुलं गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की गडद निळा अर्क मिळतो. हा अर्क आम्लात जांभळा-गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरव्याकडे झुकतो. निवळीत अर्काचे थेंब टाकले, ती हिरवट झाली. मग भाचीने त्यात लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडला. हिरवट रंग निळा झाला, निळ्याचा जांभळा, आणि शेवटी गुलाबी. एकही बुडबुडा नाही. शेजारच्या ग्लासात सोड्याचं पाणी होतं, त्याचा रंग अर्काने निळसर-हिरवा झाला होता. त्यात लिंबू पिळलं तेव्हा रंगही बदलला आणि फेसही उसळला. दोन्ही ग्लासांत देवाणघेवाण एकच झाली, पण चुन्याच्या निवळीत बांधलेली हवा नव्हती.

हा भाग भाषणात घ्यायचा की नाही यावर आमचं थोडं वाजलं. तिला वेळ कमी पडेल अशी भीती होती. मी आग्रह धरला, कारण हा ग्लास दाखवला नाही तर "आम्ल-आम्लारी" हे शब्द भाषणात नुसतेच शोभेला राहतात. शेवटी तिने तीन वाक्यांत बसवलं: "या ग्लासात चुन्याची निवळी आहे. लिंबू टाकलं, रंग बदलला, म्हणजे आम्लाने दिलं आणि आम्लारीने घेतलं. पण फेस नाही, कारण चुन्याच्या निवळीत बांधलेली हवा नाही."

आता मापं. विज्ञान दिनाच्या प्रयोगात बहुतेकांचं इथे बिघडतं, कारण सगळे "चमचाभर सोडा, एक लिंबू" असं अंदाजाने घेतात. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी कागदी लिंबं आणली होती. दोन पिळून 30 मिलीलीटर रस निघाला. लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, पण 100 मिलीलीटर रसात 5 ग्रॅम सायट्रिक आम्ल धरलं तर हिशेब फारसा चुकत नाही. म्हणजे आपल्या रसात दीड ग्रॅम. पूर्ण अभिक्रिया अशी लिहितात:

C₆H₈O₇ + 3NaHCO₃ → Na₃C₆H₅O₇ + 3H₂O + 3CO₂

एका आम्लाला सोड्याचे तीन लागतात, कारण त्याच्याकडे देण्याजोगे तीन हायड्रोजन आहेत. रेणूंच्या वजनांवरून हिशेब केला तर 192 ग्रॅम आम्लाला 252 ग्रॅम सोडा लागतो, आणि दीड ग्रॅमला जवळपास 2 ग्रॅम. चहाचा सपाट भरलेला चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम सोडा. म्हणजे दोन लिंबांना अर्ध्या चमच्याहून कमीच सोडा पुरतो! चमचाभर टाकला तर निम्म्याहून जास्त सोडा तसाच शिल्लक राहतो आणि मुलांना वाटतं, प्रयोग फसला. तो फसलेला नसतो, लिंबाकडे द्यायला काही उरलेलं नसतं. ओळखायचं कसं? फेस थांबल्यावर वरून आणखी चिमूटभर सोडा टाका. पुन्हा फसफसला तर आम्ल शिल्लक आहे. नाही फसफसला तर वरून लिंबू पिळा. जे टाकल्यावर फेस येतो, तेच कमी पडलेलं होतं.

2 ग्रॅम सोड्यातून सुमारे एक ग्रॅम वायू सुटतो, आणि एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला अर्ध्या लिटरहून थोडी जास्त जागा व्यापतो. हे ऐकून भाचीचा विश्वास बसेना, म्हणून बाटलीत रस, फुग्यात सोडा, आणि फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उलटा केला. फुगा सोललेल्या नारळाएवढा फुगला. प्रत्यक्षात हिशेबापेक्षा थोडा कमीच फुगतो. एक तर थोडा वायू रसातच विरघळून राहतो, आणि दुसरं म्हणजे सायट्रिक आम्ल पहिले दोन हायड्रोजन सहज देतं पण तिसऱ्याला मागेपुढे करतं, त्यामुळे शेवटचा फेस रेंगाळत येतो. फुगा आधी दोन-तीनदा तोंडाने फुगवून सैल करून घ्यावा, नाहीतर सुरुवातीला तो ताणलाच जात नाही. बाटलीला झाकण मात्र कधीही घट्ट लावायचं नाही. अर्धा लिटर वायूला लहान बाटलीत जागा नसते, आणि तो झाकण उडवतो किंवा बाटली फोडतो.

बाटली धरून असताना तिला आणखी एक गोष्ट जाणवली, जी मी मुद्दाम सांगितली नव्हती. "मावशी, ही गार लागतेय." बरोबर. अभिक्रिया म्हटली की उष्णता निघते असं मुलांच्या मनात असतं. ही अभिक्रिया उष्णता शोषते, आणि ती रसातून आणि बाटलीतून घेते. पातळ काचेचा ग्लास असेल तर तळहाताला ते नक्की कळतं. तिसरा तुकडा तिने याच्यावरच लिहिला: "हा ग्लास मी समोर बसलेल्या एका मित्राच्या हातात देते. सांग, गरम लागतो की गार?"

भाषणाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, घाबरलेली. घरी सराव करताना तिने नुसत्या पाण्यात "सोडा" टाकला तर लिंबाशिवायच फेस आला होता. मी म्हटलं, डबा वाचून दाखव. तो बेकिंग पावडरचा डबा निघाला. बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा तर असतोच, पण सोबत कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्चही मिसळलेला असतो, म्हणजे तिच्या पहिल्या बशीसारखंच. ती पाण्यानेच फसफसणार. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी आधी एवढी परीक्षा जरूर करावी: चिमूटभर पांढरी पूड साध्या गार पाण्यात. फसफसली तर ती बेकिंग पावडर, गप्प विरघळली तर सोडा. धुण्याच्या सोड्याशीही गल्लत होते. तो जास्त तिखट अल्क आहे, हाताला आणि डोळ्यांना बाधतो, तो या प्रयोगात नको.

भाषणात तिने आधी एक ओळ लिहिली होती, "स्टेशनबाहेरच्या गाडीवर लिंबू सोडा फसफसतो तसा." ती मी काढायला लावली. गाडीवरच्या सोड्याच्या बाटलीत वायू दाबाने पाण्यात भरलेला असतो; झाकण उघडलं की दाब उतरतो आणि वायू निघतो. त्यात मीठ टाकलं की फेस आणखी वर येतो, कारण मिठाच्या कणांवर बुडबुड्यांना जन्मायला जागा मिळते. तिथे वायू आधीपासून तयारच असतो, लिंबाने बनत नाही. नाव एकच, दिसायलाही सारखं, म्हणून घोटाळा होतो.

कार्यक्रम चांगला झाला. भाषण साडेतीन मिनिटांत संपलं, आणि गार ग्लास हातात मिळालेल्या मुलाने "गार!" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. मग परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला, आणि तो खरोखर उत्तम प्रश्न होता. "बाळा, पुस्तकात खाण्याचा सोडा क्षारांच्या यादीत आहे. मग तू त्याला आम्लारी कसं म्हणतेस?"

ही शंका खूप विद्यार्थ्यांना येते. सोडा हा क्षार आहेच. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भेटल्यावर पाण्याबरोबर जे बनतं ते क्षार, आणि सोडिअम बायकार्बोनेट म्हणजे कार्बोनिक आम्लाचा क्षार. पण क्षार म्हणजे नेहमी उदासीनच, असं नसतं. कार्बोनिक आम्ल दुबळं असल्यामुळे त्याचा उरलेला भाग, म्हणजे बायकार्बोनेट, हायड्रोजन परत घ्यायला तयार असतो. म्हणूनच सोड्याचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि गोकर्णाचा अर्क त्यात हिरवट होतो. क्षार हे त्याचं जन्मावरून नाव, आम्लारी हे वागण्यावरून. आम्लारी म्हणजे हायड्रोजन आयन घेणारा, ही व्याख्या 1923 साली ब्रॉन्स्टेड आणि लोरी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळी मांडली, आणि तिच्यात सोडा सहज बसतो. हायड्रॉक्साइड देणारा तोच आम्लारी, या जुन्या व्याख्येत त्याला बसवताना ओढाताण होते.

भाचीला यातलं काहीच पाठ नव्हतं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाई, सोडा क्षार असेल. पण लिंबाने दिलेला हायड्रोजन त्यानेच घेतला. मी साबुदाण्याने करून बघितलंय."